तीस आणि तीस मिळून पन्नास
दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्रावरील टक्के कसे ठरतात आणि सवलतींसाठी ते कसे वाचावेत

‘एका डोळ्याने काहीच दिसत नाही, मग सवलत का मिळत नाही?’ हा प्रश्न प्रत्येक कुटुंबवैद्याला वर्षातून अनेकदा ऐकावा लागतो. प्रश्नाच्या मागे दुखावलेपण असते. डोळा गेला आहे, तो परत येणार नाही, सरकारी रुग्णालयाने तसे लिहूनही दिले आहे, आणि तरीही एसटीच्या खिडकीवर किंवा तहसील कार्यालयात ‘तुम्ही पात्र नाही’ असे उत्तर मिळते. या उत्तराचे कारण प्रमाणपत्रावरील एका आकड्यात असते. दृष्टी एका डोळ्याची गेली आणि दुसरा डोळा उत्तम असला, तर नियमानुसार दिव्यांगत्व ३० टक्के धरले जाते, आणि बहुतेक सवलतींचे दार ४० टक्क्यांना उघडते.

हा आकडा कुठून येतो, दोन व्याधी एकत्र असल्या की तो कसा बदलतो, आणि कोणत्या सवलतीसाठी कोणता आकडा लागतो, एवढेच या लेखात पाहू. वृद्ध मधुमेही रुग्णाच्या घरात हे समजून घेणे विशेष उपयोगाचे आहे; कारण मधुमेह डोळा, पाय आणि मूत्रपिंड यांवर वेगवेगळ्या वेळी घाला घालतो, आणि प्रत्येक वेळी कागद वेगळ्या खिडकीवर तयार होतो.

चाळिसाची रेषा

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ मध्ये संमत झाला आणि १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला. त्यात एकवीस प्रकारची दिव्यांगत्वे मान्य केली आहेत. त्याच कायद्यात ‘लक्षणीय दिव्यांगत्व’ अशी एक संकल्पना आहे. प्रमाणित दिव्यांगत्व ४० टक्क्यांहून कमी नसेल, तर ते लक्षणीय समजावे, असा तिचा अर्थ. ‘कमी नसेल’ हे शब्द नीट वाचावेत. पूर्ण ४० टक्के असलेली व्यक्ती पात्र आहे. ३९ टक्के असलेली नाही.

टक्के कसे मोजायचे, हे केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयाने ४ जानेवारी २०१८ च्या अधिसूचनेने ठरवून दिले. मार्च २०२४ मध्ये या मार्गदर्शक तत्त्वांची सुधारित आवृत्ती निघाली. तपासणीच्या दिवशी जी आवृत्ती लागू असेल, तिच्याप्रमाणे वैद्यकीय मंडळ मोजणी करते. मी पुढे दिलेले आकडे २०१८ च्या अधिसूचनेतील पद्धतीचे आहेत.

या मोजणीत रोगाच्या नावाला टक्के नसतात. ‘तीस वर्षांचा मधुमेह’ या निदानाला शून्य टक्के, आणि वयालाही शून्य टक्के. मंडळ पाहते ते कायम राहिलेले नुकसान: किती दिसते, किती ऐकू येते, अवयवाचा कोणता भाग उरला आहे आणि तो किती काम करतो. म्हणूनच दोन शेजाऱ्यांना एकच रोग असूनही एकाचे प्रमाणपत्र ६० टक्क्यांचे आणि दुसऱ्याचे २० टक्क्यांचे असू शकते.

डोळा, कान आणि पाय यांचे टक्के

डोळ्यांपासून सुरुवात करू. दृष्टी मोजताना ६/६, ६/१८, ६/६० असे आकडे लिहिले जातात. ६/१८ म्हणजे निरोगी डोळा जी ओळ अठरा मीटरवरून वाचतो, ती वाचण्यासाठी या रुग्णाला सहा मीटरवर यावे लागते. खालचा आकडा जितका मोठा, तितकी दृष्टी अधू. मंडळ दोन्ही डोळे तपासते आणि चांगला डोळा कोणत्या पायरीवर आहे ते आधी पाहते. चांगला डोळा ६/१८ किंवा त्याहून बरा असेल, तर दुसरा पूर्ण गेला तरी टक्के ३० च्या वर जात नाहीत. चांगला डोळाच ६/२४ ते ६/६० या पायरीवर घसरला, की मोजणी ४० पासून सुरू होते. आणि अशा वेळी दुसरा डोळा ३/६० हूनही अधू किंवा पूर्ण निकामी असेल, तर ६० टक्के होतात.

ही दृष्टी योग्य नंबरचा चष्मा लावून मोजली जाते. त्यामुळे जुना, नंबर बदललेला चष्मा घालून तपासणीला जाऊ नये. मोतीबिंदूसारखा बरा होणारा दोष शिल्लक असेल, तर मंडळ आधी शस्त्रक्रिया करून या, असे सांगते. यात अन्याय काही नाही. प्रमाणपत्र कायमच्या नुकसानीचे असते, आणि मोतीबिंदूमुळे आलेला अंधार कायमचा नसतो.

कानाचे गणितही असेच चांगल्या कानाच्या बाजूला झुकलेले आहे. चांगल्या कानाच्या टक्क्यांना पाचने गुणायचे, त्यात वाईट कानाचे टक्के मिळवायचे आणि बेरजेला सहाने भागायचे. एक कान पूर्ण बहिरा म्हणजे १०० टक्के आणि दुसरा कान निरोगी म्हणजे शून्य टक्के असेल, तर उत्तर सुमारे १७ टक्के येते. एका कानाने मुळीच ऐकू न येणाऱ्या गृहस्थांना सवलत का मिळत नाही, याचे उत्तर या भागाकारात आहे.

पायाच्या बाबतीत तक्ता सरळ आहे, कारण पाय कोणत्या पातळीवर कापावा लागला ते डोळ्यांना दिसते. सगळी बोटे गेली तर २० टक्के. चवड्यापर्यंतचा भाग गेला तर ३०. पावलाच्या मध्यभागापर्यंत गेला तर ४०. घोट्यातून पाय कापला असेल तर ५५ आणि गुडघ्यातून कापला असेल तर ७५. चाळिसाची रेषा चवडा आणि पावलाचा मध्यभाग यांच्यामधून जाते, हे लक्षात घ्यावे. शल्यविशारदाने नेमका किती भाग काढला, हे डिस्चार्ज कार्डावर स्पष्ट लिहिलेले असणे म्हणूनच महत्त्वाचे ठरते. ‘उजव्या पायाचे ऑपरेशन’ एवढीच नोंद असेल, तर शस्त्रक्रियेची सविस्तर टिपण आणि पावलाचा एक्स-रे सोबत न्यावा.

एक उदाहरण: आबांचे दोन कागद

आता एक कल्पित, परंतु दवाखान्यात नेहमी दिसणारे उदाहरण घेऊ. रुग्णाला आपण आबा म्हणू. वय ६३, लिपिकाच्या नोकरीतून निवृत्त, पंचवीस वर्षांचा मधुमेह. चार वर्षांपूर्वी दृष्टिपटलात रक्तस्राव होऊन डावा डोळा गेला. लेझर आणि शस्त्रक्रिया होऊनही दृष्टी परत आली नाही. उजवा डोळा चष्म्याने ६/१२ पाहतो. आबांनी नेत्रविभागात तपासणी करून घेतली आणि ३० टक्क्यांचे प्रमाणपत्र मिळाले. एसटीची सवलत नाकारली गेली, तेव्हा घरच्यांनी तो कागद फाईलमध्ये ठेवून दिला.

गेल्या वर्षी उजव्या पायाला जखम झाली, ती चिघळली आणि चवड्यापर्यंतचा भाग काढावा लागला. जखम भरल्यावर ते अस्थिरोग विभागात गेले. तेथेही ३० टक्के मिळाले. पुन्हा नकार. सूनबाईंनी दोन्ही कागद समोर ठेवून विचारले, ‘तीस आणि तीस साठ होतात ना? मग मामंजी पात्र का नाहीत?’

सूनबाईंची शंका रास्त होती, फक्त बेरीज वेगळी करायची होती. दोन दिव्यांगत्वे एकत्र असतील, तर अधिसूचनेत त्यांच्यासाठी एक स्वतंत्र सूत्र आहे. दोहोंतील मोठा आकडा आधी घ्यायचा. तो ९० मधून वजा करायचा. जे उरेल, त्याच्या प्रमाणात दुसऱ्या आकड्याचा वाटा धरायचा आणि तो पहिल्यात मिळवायचा.

आबांच्या बाबतीत पहिला आकडा ३०. नव्वदातून तीस गेले, साठ उरले. साठ म्हणजे नव्वदाचे दोन तृतीयांश. दुसऱ्या तीसचे दोन तृतीयांश म्हणजे २०. तीस अधिक वीस, एकूण ५० टक्के.

साधी बेरीज का करत नाहीत, हेही समजून घेण्यासारखे आहे. पहिल्या व्याधीने शरीराची काही क्षमता आधीच कमी केलेली असते. दुसरी व्याधी उरलेल्या क्षमतेतून वाटा उचलते, म्हणून तिचे टक्के उरलेल्या भागाच्या प्रमाणात घेतले जातात. साधी बेरीज केली असती, तर तीन-चार व्याधी असलेल्या माणसाचे टक्के सहज शंभराच्या पुढे गेले असते.

साठ नाही, तरी पन्नास मिळाले. आणि पन्नास म्हणजे चाळिसाच्या पलीकडे. परंतु हे पन्नास दोन वेगळ्या कागदांतून आपोआप तयार होत नाहीत. एसटीचा किंवा तहसीलचा कर्मचारी सूत्र लावून बेरीज करणार नाही. त्याला तो अधिकारच नाही. दोन्ही विभागांच्या तज्ज्ञांनी तपासून, मंडळाने एकाच प्रमाणपत्रावर ‘एकूण कायम दिव्यांगत्व’ असे लिहावे लागते. २०१७ च्या नियमांत बहुविध दिव्यांगत्वासाठी नमुना ६ हा स्वतंत्र नमुना दिला आहे. त्यात प्रत्येक व्याधीची वेगळी ओळ असते आणि शेवटी एकूण टक्के अंकांत व अक्षरांत लिहिलेले असतात. आबांनी नव्याने अर्ज करताना ‘दृष्टिदोष’ किंवा ‘चलनवलनविषयक’ यांपैकी एकच खूण न करता दोन्ही व्याधी नोंदवणे आणि दोन्ही जुनी प्रमाणपत्रे जोडणे आवश्यक होते.

वृद्धांच्या बाबतीत सर्वाधिक नुकसान येथेच होते. व्याधी वेगवेगळ्या वर्षी येतात, रुग्ण वेगवेगळ्या विभागांत जातो, प्रत्येक विभाग आपल्यापुरते बरोबर लिहितो, आणि सगळे मिळून माणूस पात्र असूनही अपात्र राहतो. घरातील फाईलमध्ये चाळिसापेक्षा कमी टक्क्यांचे दोन कागद असतील, तर ते आज काढून पाहावेत.

पन्नास टक्क्यांनी काय मिळते

आता आबांच्या हातात ५० टक्क्यांचे प्रमाणपत्र आहे, असे समजू. प्रत्येक अधिसूचनेत पात्रतेची एक ओळ असते. ती शोधून आपला आकडा तिच्याशी ताडून पाहायचा असतो.

एसटी महामंडळ ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व असलेल्या प्रवाशाला साध्या गाडीच्या भाड्यात ७५ टक्के सवलत देते. आबांना ती मिळेल. मात्र त्यांच्यासोबत जाणाऱ्या साथीदाराला ५० टक्के सवलत हवी असेल, तर दिव्यांगत्व ६५ टक्के किंवा अधिक असावे लागते. पन्नास टक्क्यांवर आबा सवलतीत जातील, पण मुलाला पूर्ण तिकीट काढावे लागेल. येथे वयाच्या सवलतींचाही विचार करावा. ६५ ते ७५ वर्षांच्या ज्येष्ठांना एसटीत निम्मे भाडे आहे आणि ७५ वर्षांवरील ज्येष्ठांचा प्रवास ऑगस्ट २०२२ पासून विनामूल्य आहे. म्हणजे पंच्याहत्तरी ओलांडलेल्या वाचकाला स्वतःच्या तिकिटासाठी दिव्यांग प्रमाणपत्राची गरज उरत नाही. साथीदाराच्या तिकिटासाठी मात्र ६५ टक्क्यांचा आकडा उपयोगी पडतो. पत्नी सोबत जात असेल, तर महिलांना मार्च २०२३ पासून असलेली निम्म्या भाड्याची सवलत तिला स्वतःच्याच हक्काने मिळते.

प्राप्तिकरात दोन पायऱ्या आहेत. १९६१ च्या कायद्यातील कलम ८०-यू प्रमाणे ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व असलेल्या निवासी करदात्याला ७५,००० रुपयांची वजावट मिळते. ८० टक्के किंवा अधिक असेल, तर ती १,२५,००० रुपये होते. व्यक्ती स्वतः कमावती नसून कुटुंबावर अवलंबून असेल, तर तिचा सांभाळ करणाऱ्याला कलम ८०-डीडी प्रमाणे त्याच रकमांची वजावट घेता येते. एकाच व्यक्तीसाठी दोन्ही कलमांचा लाभ मिळत नाही. आबांना स्वतःचे निवृत्तिवेतन आहे, म्हणून वजावट त्यांनीच घ्यायची, मुलाने नाही. ही वजावट उत्पन्नातून होते, करातून नाही. वीस टक्के कर लागणाऱ्या टप्प्यात ७५,००० रुपयांमुळे प्रत्यक्ष बचत १५,००० रुपये आणि त्यावरील उपकर एवढीच असते. शिवाय ती जुनी करप्रणाली निवडणाऱ्यालाच मिळते. म्हणून विवरणपत्र भरण्यापूर्वी दोन्ही प्रणालींत कर किती येतो ते सल्लागाराकडून काढून घ्यावे. बहुविध दिव्यांगत्व असेल, तर प्राप्तिकरासाठी वैद्यकीय अधिकाऱ्याकडून वेगळ्या विहित नमुन्यातही प्रमाणपत्र लागते, हेही त्यांना आठवण करून द्यावे. १ एप्रिल २०२६ पासूनच्या नव्या प्राप्तिकर कायद्यात या कलमांचे क्रमांक वेगळे आहेत.

गरीब कुटुंबांसाठी निवृत्तिवेतनाच्या योजनांतही हाच भेद दिसतो. राज्याची संजय गांधी निराधार अनुदान योजना ४० टक्क्यांची पायरी धरते. केंद्राची इंदिरा गांधी राष्ट्रीय दिव्यांग निवृत्तिवेतन योजना दारिद्र्यरेषेखालील आणि ८० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व असलेल्या १८ ते ७९ वर्षांच्या व्यक्तींसाठी आहे. एकाच कागदावर एक अर्ज मंजूर आणि दुसरा नामंजूर होतो, तो यामुळे.

जेथे टक्के पुरत नाहीत: रेल्वे

रेल्वेची सवलत ही अनेकांच्या गैरसमजाची जागा आहे. हातात ७० टक्क्यांचे प्रमाणपत्र असूनही रेल्वेची सवलत नाकारली जाऊ शकते, कारण रेल्वे टक्के विचारत नाही. ती अवस्था विचारते. तिच्या यादीत दिव्यांगांचे चार वर्ग आहेत: सोबतीशिवाय प्रवास करू न शकणारी अस्थिव्यंग किंवा पक्षाघातग्रस्त व्यक्ती, सोबतीशिवाय प्रवास करू न शकणारी बौद्धिक दिव्यांग व्यक्ती, पूर्णतः दृष्टिहीन व्यक्ती, आणि ऐकणे व बोलणे ही दोन्ही पूर्णपणे गेलेली व्यक्ती.

म्हातारपणी कान गेलेले, पण बोलता येणारे आजोबा चौथ्या वर्गात बसत नाहीत. एका डोळ्याने पाहणारे आबा तिसऱ्या वर्गात बसत नाहीत. अस्थिव्यंगाच्या वर्गात बसण्यासाठी सरकारी डॉक्टरने रेल्वेच्या विहित नमुन्यात ‘सोबतीशिवाय प्रवास करू शकत नाही’ असे प्रमाणित करावे लागते. चवडा गेलेला, पण योग्य बूट घालून चालणारा माणूस या वाक्यात बसेलच असे नाही. लकव्याने एक बाजू पूर्ण लुळी झालेले आजोबा मात्र बसू शकतात.

पहिल्या तीन वर्गांत जे बसतात त्यांना द्वितीय श्रेणी, शयनयान, तृतीय वातानुकूलित आणि वातानुकूलित चेअर कार यांत ७५ टक्के, तर प्रथम आणि द्वितीय वातानुकूलित वर्गांत ५० टक्के सवलत मिळते. राजधानी आणि शताब्दी गाड्यांचे दर वेगळे आहेत. सोबत जाणाऱ्या एका व्यक्तीलाही तीच सवलत असते. ज्येष्ठ नागरिकांची रेल्वे सवलत मार्च २०२० मध्ये थांबवण्यात आली; दिव्यांगांची ही सवलत मात्र चालू राहिली. म्हणून पात्र वृद्धांनी रेल्वेचा नमुना भरून घेणे आता पूर्वीपेक्षा अधिक उपयोगाचे आहे.

प्रमाणपत्र कोणाकडून, केव्हा घ्यावे

‘डॉक्टर, तुम्हीच लिहून द्या ना चाळीस टक्के,’ अशी विनंती खासगी डॉक्टरांना सतत होते. ती स्वीकारता येत नाही. कुटुंबवैद्याला हा अधिकार नाही. त्याच्या लेटरहेडवरील टक्क्यांना कोठेही किंमत नाही. प्रमाणपत्र जिल्हा रुग्णालय, शासकीय वैद्यकीय महाविद्यालय किंवा शासनाने अधिकार दिलेले अन्य रुग्णालय यांच्याकडूनच मिळते. अर्ज swavlambancard.gov.in या संकेतस्थळावर करावा लागतो. त्यातच रुग्णालय निवडायचे असते आणि तपासणीनंतर प्रमाणपत्र व वैश्विक ओळखपत्र, म्हणजे यूडीआयडी कार्ड, तयार होते. कार्डावरील रंगाच्या पट्टीवरूनही पायरी कळते: ४० टक्क्यांच्या खाली पांढरा, ४० ते ८० च्या आत पिवळा आणि ८० किंवा अधिक असल्यास निळा.

कुटुंबवैद्य करू शकतो ते काम वेगळे आहे. व्याधी कधी सुरू झाली, कोणते उपचार झाले, आता काय शिल्लक आहे, हे एका पानावर क्रमाने लिहून देणे. मंडळापुढे रुग्णाला थोडा वेळ मिळतो, आणि वृद्ध माणूस त्या वेळात निम्मे विसरतो. हे पान असले, की पायाबरोबर डोळाही तपासायचा आहे, हे मंडळाच्या लगेच ध्यानात येते.

तपासणीची वेळही महत्त्वाची आहे. पायाची जखम पूर्ण भरलेली असावी. लकव्यानंतर मेंदू आणि स्नायू काही महिने सावरत असतात, म्हणून अशा व्याधींची मोजणी सामान्यतः सहा महिन्यांनी करतात. त्याआधी गेल्यास मुदतीचे प्रमाणपत्र मिळू शकते किंवा परत पाठवले जाते. मुदतीच्या प्रमाणपत्रावर ‘या तारखेपर्यंत वैध’ असे लिहिलेले असते. ती तारीख दिनदर्शिकेवर नोंदवून ठेवणे हे घरच्यांचे काम.

आकडा कमी वाटला तर

प्रमाणपत्र हातात आल्यावर खिडकीवरून हलण्यापूर्वी चार गोष्टी वाचाव्यात. नाव आधार कार्डाप्रमाणे आहे का. सर्व व्याधींची नोंद आहे का. एकूण टक्के अंकांत आणि अक्षरांत जुळतात का. आणि प्रमाणपत्र कायम आहे की मुदतीचे. एखादी व्याधी नोंदायची राहिली असेल, तर ती तेथेच दाखवून द्यावी.

मोजणीच पटली नाही, तर कायद्यात अपिलाची तरतूद आहे. निर्णयापासून ९० दिवसांच्या आत नियुक्त अपिलीय प्राधिकाऱ्याकडे लेखी अपील करता येते. प्रमाणपत्र नाकारले असेल, तर त्याचे कारण लेखी मागावे. अपिलात त्याचाच आधार लागतो. अपिलात ‘आम्हाला फार त्रास होतो’ एवढे लिहून उपयोग नसतो. नेत्रतपासणीचा अहवाल, कानाचा आलेख, शस्त्रक्रियेची टिपण, असा मोजता येणारा पुरावा जोडावा लागतो.

टक्के वाढवून देणारे मध्यस्थही रुग्णालयांच्या आवारात भेटतात. त्यांच्यापासून दूर राहावे. दिव्यांगांसाठीचा लाभ फसवणुकीने घेतल्यास कलम ९१ प्रमाणे दोन वर्षांपर्यंत कारावास, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. आणि शिक्षा मध्यस्थाला नव्हे, लाभ घेणाऱ्याला होते.

शेवटी, आकडा एकदा मिळाला म्हणजे तो जन्मभराचा झाला, असे नाही. आबांचेच उदाहरण पुढे नेऊ. तीन वर्षांनी त्यांचा चांगला डोळाही अधू होऊन ६/३६ वर आला, असे समजा. आता दृष्टीचे ६० टक्के झाले. नव्वदातून साठ गेले, तीस उरले. तीस म्हणजे नव्वदाचा एक तृतीयांश. पायाच्या तीसचा एक तृतीयांश म्हणजे १०. एकूण ७० टक्के. एसटीत साथीदाराची सवलत लागू होण्यास एवढे पुरेसे आहे, पण प्राप्तिकराच्या वरच्या पायरीला दहा टक्के कमी आहेत. मात्र जुन्या कार्डावर पन्नासच लिहिलेले असेल, तर मुलाला पूर्ण तिकीट काढावेच लागेल. नेत्रतज्ज्ञाने ‘चांगल्या डोळ्याची दृष्टी ६/१८ च्या खाली गेली’ असे सांगितले, नव्याने एखादा भाग कापावा लागला किंवा ऐकण्याच्या आलेखात मोठा फरक पडला, तर त्याच महिन्यात पुनर्तपासणीचा अर्ज करावा. मधुमेही रुग्णांची दृष्टिपटलाची तपासणी वर्षातून एकदा व्हायलाच हवी. तो अहवाल घरी आला, की चष्म्याच्या नंबराबरोबर ६ च्या खाली लिहिलेला आकडाही मागच्या वर्षीच्या आकड्याशी ताडून पाहावा.